मरून कुर्ता लिंबू रंगाचा करताना: जिंपवर काही महिने काम केल्यावर

माझ्या जावेचा घरगुती कुर्त्यांचा व्यवसाय आहे. एकच काप, एकच माप, रंग मात्र आठ-दहा. प्रत्येक रंगाचा कुर्ता घालून फोटो काढायचा तर मॉडेलचं मानधन परवडत नाही, म्हणून एका रंगात फोटो काढून बाकीचे रंग संगणकावर करायचं काम दिवाळीच्या आधी माझ्याकडे आलं. तेव्हापासून जिंप हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर वापरते आहे. ते फुकट आहे, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि 2025च्या मार्चमध्ये आलेल्या 3.0 आवृत्तीपासून बरेचसे फिल्टर लावल्यावरही नंतर उघडून बदलता येतात. या कामात आकडे सतत मागेपुढे करावे लागतात, त्यामुळे मला तरी हा बदल फार मोलाचा वाटतो.

सोपं काम आधी सांगून टाकते. कुर्त्याभोवती `Paths`ने रेघ ओढायची, त्याची निवड करून कड एक-दोन पिक्सेल मऊ करायची, वर नव्या रंगाचा थर टाकून त्याला निवडीचा मास्क लावायचा, म्हणजे रंग कुर्त्यापुरताच राहतो, आणि थराचा मोड `LCh Color` करायचा. या मोडमध्ये खालच्या फोटोचा उजळपणा जसाच्या तसा राहतो आणि वरून फक्त रंग येतो. `HSL Color` नावाचा जुळा भाऊ शेजारीच आहे, पण त्याचं उजळपणाचं गणित डोळ्याला दिसतं तसं नाही. त्यात पिवळा भडक होतो आणि निळा उगाच काळवंडतो. मोरपंखीचा जांभळा किंवा मरूनचा बाटली-हिरवा करायचा असेल, म्हणजे दोन्ही रंग साधारण सारखेच गडद असतील, तर एवढ्यावर भागतं.

खरी परीक्षा मरूनचा लिंबू रंग करताना होते. वर सांगितलेल्या पद्धतीने केलं तर शेवाळी-तपकिरी कापड मिळतं. उजळपणा 0 ते 100 असा मोजला तर शुद्ध पिवळा 97च्या आसपास असतो आणि मरून 25च्या. एवढा गडद पिवळा जगात नसतोच, त्याला आपण तपकिरी म्हणतो. त्यामुळे रंगाच्या आधी उजळपणा वाढवावा लागतो, आणि घड्या बिघडतात त्या नेमक्या इथे.

आमच्याच फोटोचे आकडे सांगते. रंग टिपायच्या अवजाराने मोजलं तेव्हा मरून कुर्त्याचा उजेडातला भाग 35 भरला आणि कमरेजवळच्या खोल घडीचा तळ 12. लिंबू कापडाचा उजेडातला भाग 85 हवा. आता सगळीकडे सरळ 50 मिळवले तर घडीचा तळ 62 होतो. कुर्ता इस्त्री केल्यासारखा सपाट दिसतो आणि पोट फुगल्यासारखं वाटतं. घडी म्हणजे उजेडाचं गुणोत्तर आहे, वजाबाकी नव्हे. वरचे आकडे डोळ्याला दिसणाऱ्या उजळपणाचे आहेत, प्रत्यक्ष उजेडाच्या सरळ प्रमाणात नाहीत; तळाशी वरच्यापेक्षा साधारण सहापट कमी उजेड पोचतो, आणि कापड कुठल्याही रंगाचं असलं तरी ते सहापट तसंच राहतं. त्या हिशोबाने लिंबू कापडात तळ 40 च्या आसपास यायला हवा.

हा गुणाकार जिंपमध्ये `Colors > Exposure` करतं. 35 वरून 85 ला जायला जवळजवळ आठपट उजेड लागतो, म्हणजे तीन वेळा दुप्पट, म्हणून तिथे 3 हा आकडा. क्रम असा ठेवते: आधी `Image > Precision` मध्ये 32 बिट फ्लोटिंग पॉइंट, मग कुर्त्याच्या थराची प्रत काढून `Desaturate` मध्ये `Luminance` निवडून तिचा रंग काढून टाकायचा, मग `Exposure`, आणि शेवटी रंगाचा थर. रंग न काढता साध्या 8 बिटमध्ये उजेड वाढवला तर मरूनमधला लाल आधीच वर जाऊन आपटतो आणि त्या जागी घडीचा तपशील उरत नाही.

यानंतर दोन गोष्टी हाताने कराव्या लागतात. पहिली चमक. कापडावरची चकाकी रंगद्रव्यावर अवलंबून नसते, ती वरच्या पृष्ठभागाची असते. आठपटीच्या गुणाकारात तीही आठपट होते आणि खांद्यावर पांढरे डाग उठतात. `Curves`चं वरचं टोक थोडं खाली ओढून ते दाबते. दुसरी गोष्ट घडीच्या आतली. तिथे उजेड कापडावरून कापडावर आपटत फिरतो, म्हणून खऱ्या पिवळ्या कापडाच्या घडीत रंग हळदीकडे झुकतो. कोरी सावली टाकली तर घडी मळकट दिसते. त्यासाठी गडद हळदी रंगाचा आणखी एक `LCh Color` थर घेऊन त्याला उजळपणाचा उलटा मास्क लावते, म्हणजे तो फक्त सावल्यांत उतरतो. त्याची अपारदर्शकता मी तीसेक टक्क्यांच्या वर नेत नाही.

मर्यादा मात्र कुठलंच सॉफ्टवेअर ओलांडू शकत नाही. आठपट उजेडाबरोबर फोटोतले दाणेही आठपट होतात. फोनच्या जेपीजीत गडद घड्यांमधला तपशील आधीच दाबलेला असतो, तिथे चौकोनी ठिपके दिसू लागतात. काळ्या कुर्त्याचा पांढरा करायला मी सरळ नकार देते. उलटा प्रवास सुखाचा आहे. फिकट कापडाचं मरून करायला `Exposure` उणे 3, दाणे दबतात, घड्या शाबूत. म्हणून आता आम्ही फोटो मलई रंगाच्या कुर्त्यातच काढतो, कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली रॉ फाइल ठेवतो, आणि अगदी पांढरा टाळतो, कारण उन्हात त्याच्या उजळ घड्या जळून जातात.

चौकडा किंवा पट्टे चढवणं हे वेगळंच दुखणं आहे. कुर्त्याची राखाडी प्रत काढून ती थोडी धूसर करायची (तीन हजार पिक्सेल उंचीच्या फोटोला सहा-सात पिक्सेल पुरतात, नाहीतर विणीच्या दाण्यांमुळे रेघा थरथरतात), मग `Filters > Map > Displace` मध्ये ती नकाशा म्हणून देऊन नक्षी दहा-पंधरा पिक्सेल सरकवायची आणि थर `Multiply` करायचा. यात एक फसवणूक आहे. फिल्टर उजळपणालाच उंची समजतं, पण डावीकडून उजेड असेल तर घडीची डावी बाजू उजळ असते, उंच नव्हे. शिवाय एक घडी दुसरीवर पडते तिथे मधलं कापड लपतं, म्हणून खरा पट्टा तिथे तुटून पुढे भलतीकडेच निघतो. फिल्टर तो अखंड वाकवतं आणि कुर्त्यावर चित्र छापल्यासारखं दिसतं. उपाय शिंप्याचाच: पुढचा भाग, बाह्या, कळ्या वेगळ्या कापायच्या, मोठ्या घडीच्या कडेलाही तुकडा करायचा, प्रत्येकात नक्षी वेगळ्या कोनात बसवायची आणि `Warp Transform`ने हाताने वळवायची. बारीक बुट्टी असेल तर यातलं निम्मं लपून जातं. रुंद पट्ट्यांत काहीच लपत नाही.

धूपछाव पैठणीच्या वाटेला मी जात नाही. तिचा ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या, त्यामुळे घडीच्या कोनाप्रमाणे रंगच पालटतो. वरून एक रंग टाकला की ती साध्या सॅटिनसारखी दिसते.

काम झाल्यावर मी दोन जागा तपासते. एक हनुवटीखालची. मरून कापडाचा तांबूस उजेड गळ्यावर पडलेला असतो आणि कुर्ता पिवळा झाला तरी तो तिथेच राहतो. मऊ ब्रशने तिथली लाली उतरवावी लागते. दुसरी जागा मोकळ्या केसांची कड, तिथे जुना रंग केसांच्या फटींतून डोकावतो.

जाळीची ओढणी अजून मला जमलेली नाही. तिच्यातून मागचं अंग आणि कुर्ता दोन्ही दिसतात, आणि कुठला रंग कुणाचा हे फोटोतून वेगळं काढता येत नाही. ओढणीचे फोटो आम्ही प्रत्येक रंगात वेगळे काढतो. कुर्त्याच्या रंगासाठी खऱ्या कापडाचा तुकडा दिवसाच्या उजेडात फोटोशेजारी धरून जाऊबाई स्वतः पास करते, तोवर फोटो गिऱ्हाइकाला जात नाही.