आजीचा तीळ कुठे गेला? मॅस्कॉटच्या नावाखाली झालेली फसवणूक

पंचवटीतलं एक मसाले-पापडाचं दुकान. ते ज्या आजींनी सुरू केलं त्यांचाच चेहरा पाकिटावर मॅस्कॉट म्हणून हवा होता. एका ‘ब्रँडिंग’वाल्याने १४ हजार सांगितले, ७ हजार आगाऊ घेतले, आणि हाताने काढलेलं व्हेक्टर, म्हणजे रेषा-आकारांनी बनलेलं चित्र आठ पोझमध्ये देतो म्हणाला. पाचव्या दिवशी पीडीएफ आली. मोबाईलवर आजी झकास दिसत होत्या, म्हणून उरलेले ७ हजारही लगेच गेले.

स्टिकरवाल्याकडे फाईल उघडली तेव्हा भांडं फुटलं. कोरलड्रॉ या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्यावर क्लिक केलं की खाली स्टेटस बारमध्ये रेषेसाठी `Curve` असा शब्द दिसायला हवा. इथे आरजीबी आणि ३०० डीपीआय दिसलं, म्हणजे पीडीएफच्या पोटात नुसता जेपीजी होता. फोटोला मोबाईलमधला कार्टून फिल्टर लावून तो आत चिकटवला होता. स्टिकर कापणाऱ्या कटिंग प्लॉटरच्या सुरीला रेषा लागते, तिला जेपीजी कापता येत नाही.

तक्रार केल्यावर त्याने ‘ओपन फाईल’ पाठवली. ही दुसरी फसवणूक पहिलीपेक्षा पकडायला कठीण, कारण आता `Curve` खरंच दिसत होतं. पण `Ungroup` केल्यावर चेहऱ्याचेच हजारावर तुकडे निघाले. तोच जेपीजी इलस्ट्रेटर या सॉफ्टवेअरच्या इमेज ट्रेसमधून, म्हणजे फोटोचे आपोआप आकार करणाऱ्या सोयीतून काढला होता. ट्रेसला नाक-डोळे कळत नाहीत, त्याला फक्त उजेड-अंधार कळतो. नाकाची सावली त्याच्या लेखी एक वेगळा ठिपका, आणि चष्म्याची बारीक काडी चार तुकड्यांत तुटलेली. त्यातल्या `Noise` या सेटिंगमुळे ठरावीक आकारापेक्षा लहान डाग धूळ समजून गाळले जातात. आजींच्या हनुवटीवरचा तीळ असाच गेला. गल्लीतलं पोर ज्या खुणेवरून आजींना ओळखतं, नेमकी तीच गायब! असल्या तुकड्यांवर सुरी नाचते आणि स्टिकरच्या कडा उचकटतात.

पोझचंही तेच. आठही चित्रांत शरीर वळलेलं, हात कधी लाटण्यावर तर कधी नमस्काराला. चेहरा मात्र आठही वेळा समोर, तोच, तेवढ्याच उजेडात. धडं स्टॉक साइटवरची होती. डोकं झाकून गुगल लेन्सला दिल्यावर तीच नऊवारीतली बाई भलत्याच लेबलांवर सापडली. बहुतेक स्टॉक साइटांच्या सर्वसाधारण परवान्यात असं चित्र ट्रेडमार्कमध्ये वापरायला मनाई असते, त्यामुळे पुढे नोंदणी करतानाही अडचण.

खरं काम कसं होतं ते कळलं तर थाप लगेच कळते. फोटो डोळ्यांच्या उंचीवरून, दीड-दोन मीटर अंतरावरून काढायचा. सेल्फी नको, जवळून नाक फुगतं, कान मागे जातात. मग खुणा निवडायच्या, आणि त्या तीनच. आजींच्या बाबतीत डोक्यावरून घेतलेला पदर, जाड काचांचा गोल चष्मा आणि हनुवटीच्या डाव्या अंगाचा तीळ. सुरकुत्या, नाकपुड्या, दात सगळे काढून टाकायचे. डोळ्यांचे दोन ठिपके पुरतात, कारण ओळख चष्म्याकडे आहे. चष्मा खऱ्यापेक्षा किंचित मोठा केला तर चालतो, पण तीळ आणि ओठ यांच्यातलं अंतर हलवायचं नाही. ते हललं की आजींची मावशी होते. एवढ्या चेहऱ्याला साधारण तीस-चाळीस आकार आणि पाच-सहा सपाट रंग पुरेसे असतात.

म्हणून पहिल्या हप्त्यात रंगीत चित्र मागूच नका. काळ्या-पांढऱ्या रेषेतला फक्त चेहरा मागा आणि तो कागदावर २५ मिलिमीटर रुंदीत छापून बघा. दुकानाचं नाव न सांगता पाच जुन्या गिऱ्हाइकांना दाखवा. मग एकेक खूण अंगठ्याने झाका. चष्मा झाकल्यावरही चौघांनी ओळखलं तर चित्र पक्कं. एकाच खुणेवर सगळं उभं असेल तर पुन्हा काढायला सांगा. फिल्टरवाला या पायरीलाच गळतो, कारण त्याच्या चित्रात एवढ्या आकारात नुसता करडा गोळा उरतो.

शेवटचा हप्ता स्टिकरवाल्याच्या संगणकावर फाईल उघडल्यावरच द्या. इलस्ट्रेटर असेल तर `Ctrl+Y` दाबा. रंग जाऊन नुसत्या रेषा उरतात. चेहऱ्याच्या जागी रिकामा चौकोन दिसला तर आत फोटो आहे, मुंग्यांचं वारूळ दिसलं तर ट्रेस आहे.

एक कागदही हवा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. या दुकानाकडे व्हॉट्सअॅपवरचं ‘ओके दादा, फुल राइट्स तुमचे’ एवढंच होतं.