गवती चहा: चहा पावडरीसोबत उकळलेला की नुसत्या पातींचा?

सर्दी झाली किंवा पोट फुगले की गवती चहा घ्यावा असे सांगितले जाते, परंतु तो दोन अगदी वेगळ्या रीतींनी केला जातो. एका रीतीत चहा पावडर, दूध आणि साखर यांच्यासोबत पाती उकळतात, तर दुसरीत नुसत्या पाती गरम पाण्यात झाकून मुरवतात. वास दोन्हींचा ओळखीचा असला तरी त्यांचे काम सारखे नाही, त्यामुळे कोणत्या तक्रारीसाठी घ्यायचा आहे हे आधी ठरवलेले बरे.

गवती चहाचा लिंबासारखा वास मुख्यतः सिट्रल या घटकामुळे येतो. हा घटक पातीतल्या तेलात असतो आणि वाफेबरोबर सहज उडून जातो. उघड्या पातेल्यात दहा मिनिटे खळखळून उकळलेल्या चहाचा दरवळ घरभर पसरतो तो याच कारणाने. घरात जेवढा वास सुटतो, तेवढा तो कपातून कमी झालेला असतो. दुधाच्या चहात पाती अगदी शेवटी घालून लगेच झाकण ठेवले तर बराच वास टिकतो, पण ती चवीची बाब झाली.

सर्दीत दोन्ही पेये गरम असल्याने घशाला शेक मिळतो, वाफेने चोंदलेले नाक थोडा वेळ मोकळे वाटते आणि पोटात पाणी जाते. सर्दीच्या विषाणूला गवती चहा मारतो, असे मात्र म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत सिट्रलचा जंतूंवर परिणाम दिसतो, पण कपभर पेयात असलेल्या अल्प मात्रेने शरीरात तेच घडेल असे मानण्याला आधार नाही. साधी सर्दी बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप उतरते. तोवर दिवसातून वारंवार काही गरम प्यायचे असेल, तर नुसत्या पातींचा चहा सोयीचा, कारण त्यात कॅफिन नसते आणि रात्रीही तो झोपेच्या आड येत नाही.

पचनाच्या बाबतीत दोन्हींतला फरक अधिक ठळक आहे. जेवणानंतर गॅस होऊन पोट जड वाटत असेल, तर नुसत्या पातींचा कोमट चहा अनेकांना बरा वाटतो. हा वापर परंपरेतून आलेला आहे आणि त्यामागचा माणसांवरील पुरावा तोकडा आहे, हेही सांगायला हवे. ज्यांना छातीत जळजळते किंवा दूध पचत नाही, त्यांची तक्रार दुधाच्या कडक चहाने वाढू शकते. अशा वेळी त्यात गवती चहा टाकल्याने मूळ चहाचा दोष जात नाही.

नुसता चहा एका कपासाठी असा करावा. दोन-तीन ताज्या पाती स्वच्छ धुऊन बोटभर लांबीचे तुकडे करावेत आणि ते खलबत्त्यात किंचित ठेचावेत, म्हणजे तेल मोकळे होते. सुमारे 250 मिलिलिटर पाणी उकळून गॅस बंद करावा, तुकडे टाकावेत आणि घट्ट झाकण ठेवून सात-आठ मिनिटे थांबावे. झाकणाच्या आतल्या थेंबांना लिंबाचा वास येत असतो, ते भांड्यातच निथळू द्यावेत. पाती वाळलेल्या असतील तर चमचाभर चुरा घेऊन दोन मिनिटे जास्त मुरू द्यावे. त्यांचा वास ताज्या पातींहून मंद असतो, आणि चुरगाळल्यावरही फक्त वाळल्या गवताचा वास आला तर त्यांत आता फारसे काही उरलेले नाही असे समजावे. पेय कडवट, गवताळ लागले तर बहुधा पाती फार उकळल्या गेल्या आहेत. पातींच्या कडा धारदार आणि धागे चिवट असतात, म्हणून बारीक गाळणीने गाळणे टाळू नये.

दिवसाला एक-दोन कप बहुतेक निरोगी प्रौढांना चालतात. गरोदरपणात मात्र औषध म्हणून रोज घेणे टाळावे, कारण या पातींतील काही घटकांच्या मोठ्या मात्रांचे प्राण्यांच्या गर्भावर दुष्परिणाम दिसलेले आहेत. मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तो नियमित सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पिऊन अंगावर पुरळ उठले किंवा ओठ सुजले तर लगेच बंद करावा, आणि श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर तातडीने रुग्णालय गाठावे. एक वर्षाच्या आतील बाळाला असे काढे देऊ नयेत आणि मध तर मुळीच देऊ नये. बाटलीतले गवती चहाचे तेल हे अत्यंत तीव्र असते. त्याचे थेंब पाण्यात टाकून पिणे हा पातींच्या चहाचा पर्याय नाही.

तीन दिवसांहून अधिक टिकणारा ताप, धाप लागणे, शौचातून रक्त जाणे किंवा पोटात असह्य कळ येणे, यांपैकी काहीही असेल तर यातला कोणताही चहा करत न बसता डॉक्टरांकडे जावे.