लांब डॅश की छोटा डॅश: इंग्रजी हस्तलिखित पाठवण्याआधी काय ठरवायचं

इंग्रजीत पुस्तक किंवा प्रबंध लिहिणाऱ्याला कधी ना कधी संपादकाचा निरोप येतो, 'डॅशेस एकसारखे करा.' कुठल्यासारखे, हे मात्र निरोपात नसतं. वाक्याच्या मधे आलेला उपवाक्यांश वेगळा काढायच्या दोन रूढ पद्धती आहेत:

```
The dam—built during the 1972–73 drought—was a well-known landmark.
The dam – built during the 1972–73 drought – was a well-known landmark.
```

पहिल्या ओळीतला लांब तो एम डॅश, दोन्ही बाजूंना शब्दाला चिकटलेला. अमेरिकेतल्या पुस्तकांत, शिकागो मॅन्युअलच्या नियमांनुसार, हाच चालतो. दुसरीत एन डॅश आहे, मागेपुढे एकेक जागा सोडलेला. ब्रिटनमधले बरेच प्रकाशक हा वापरतात. पण स्पेलिंग ब्रिटिश म्हणजे डॅशही छोटाच, असं गृहीत धरू नका. ऑक्सफर्डचं विद्यापीठ प्रकाशन ब्रिटिश असूनही चिकटलेला एम डॅश पसंत करतं. म्हणून आधी प्रकाशकाची नियमावली मागा.

नियमावली नसेल तर निवड तुमची. एम डॅशचा मोठा फायदा म्हणजे तो दुसऱ्या कशाशी गल्लत होऊ देत नाही. दुसऱ्या ओळीत पाहा, वर्षांमधली खूण आणि वाक्यातली खूण एकच आहे. फरक फक्त मोकळ्या जागेचा. ती जागा चुकून गेली की वाचणारा अडखळतो. उलट, चिकटलेला एम डॅश स्क्रीनवर दोन शब्दांचा एक लांबलचक शब्द करून टाकतो आणि पानभर असले डॅश असले की मजकूर ठासून भरल्यासारखा दिसतो. माझं मत विचाराल तर आकडे आणि सनावळ्या जास्त असतील तिथे एम, कथा-कादंबरीत एन. एन घेतलात तर डॅशच्या आधीची जागा न तुटणारी ठेवा, नाहीतर ओळीची सुरुवातच डॅशने होते.

घोळ बहुतेक वेळा वर्डच करून ठेवतो. शब्दांना चिकटून दोन हायफन टाइप केले की तो एम डॅश करतो. जागा, एक हायफन, पुन्हा जागा असं टाइप करून पुढे गेलात की एन. दुसरीकडून पेस्ट केलेल्या मजकुरात हायफन तसेच राहतात. म्हणून तिन्ही प्रकार एकाच प्रकरणात सापडतात. तपासायला फाइंडच्या चौकटीत एकामागून एक हे शोधा:

```
^+    एम डॅश
^=    एन डॅश
--    राहून गेलेले दोन हायफन
```

मग जागा-हायफन-जागा शोधा. 'रिप्लेस ऑल' मात्र दाबू नका, त्यात वजाबाकीची चिन्हंही बदलतात. आकड्यांमधल्या हायफनचंही तेच: सनावळीत एन डॅश हवा, पण फोन नंबर आणि आयएसबीएनमध्ये हायफनच राहतो.

हायफनचा प्रश्न वेगळा आहे, तो शब्द जोडतो. वरच्या वाक्यात 'वेल' आणि 'नोन' नामाच्या आधी जोडीने आलेत म्हणून हायफन. वाक्य फिरवून ते क्रियापदानंतर आले तर सहसा तो नको. 'न्यूली'सारखं एलवायने संपणारं क्रियाविशेषण असेल तर नामाआधीही नको, आणि इथेच सर्वांत जास्त चुका दिसतात. बाकीच्या शब्दांसाठी एकच कोश धरा आणि केलेली निवड एका यादीत टिपत जा, कारण स्पेलचेक 'कोऑपरेट' हायफनसह आणि हायफनविना, दोन्ही मुकाट्याने सोडून देऊ शकतो.

टिंबांबाबतही दोन तऱ्हा आहेत. शिकागो तीन टिंबांमध्ये जागा सोडते. वर्ड आपोआप तीन टिंबांचं एकच अक्षर करतो. सुट्या टिंबांत न तुटणाऱ्या जागा नसतील तर एखादं टिंब खालच्या ओळीवर जाऊन पडतं, म्हणून प्रकाशकाने मागितलं नसेल तर एकच अक्षर बरं. दिसण्यापेक्षा अर्थ आधी तपासा:

```
"I never meant to—"
"I never meant to…"
```

पहिल्यात कुणीतरी बोलणं मधेच तोडलंय, दुसऱ्यात बोलणाऱ्याचाच आवाज विरलाय. संवादात हे सरमिसळ झालेलं शोधून सापडत नाही, वाचूनच काढावं लागतं.

अवतरणातली टिंबं तर मूळ पुस्तक शेजारी ठेवूनच तपासावीत. तिथे त्यांचा अर्थ 'इथले शब्द गाळले' असा होतो. मूळ लेखकानेच टिंबं दिली असतील आणि तुम्हीही काही गाळलं असेल, तर तुमची टिंबं चौकोनी कंसात टाका.