अठरा पॅनल बसतात म्हणाले, सावली सोडून बसतात दहाच! सोलर घेणाऱ्यांनी हे वाचा

परभणीत आमच्या घरावर मागच्या एप्रिलमध्ये सोलर बसवलं आणि त्यात आमची चक्क फसवणूक झाली. पॅनल खराब नाहीत, इन्व्हर्टर चांगला आहे, फसवलं ते जागेच्या हिशोबात. सध्या आपल्याकडं गल्लोगल्ली एजंट फिरायलेत आणि सगळ्यांचा हिशोब तोच आहे, म्हणून सगळं आकड्यांसकट लिहायलोय.

घर ३० बाय ४० च्या प्लॉटवर. गच्ची कठड्याच्या आतून मोजली तर पूर्व-पश्चिम २९ फूट आणि दक्षिण-उत्तर ३९ फूट भरते. कठडा ३ फूट उंच. नैऋत्य कोपऱ्यात जिन्याची खोली, ८ फूट रुंद, १४ फूट लांब, ८ फूट उंच, आणि तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी. वास्तूमुळं आपल्या भागात बहुतेक घरांची टाकी नैऋत्येलाच असते, तर ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येते.

एजंट आला, टेप काढला, लांबी-रुंदी घेतली आणि खाली येऊन सोफ्यावरच कागदावर गणित मांडलं. गच्ची १२०० स्क्वेअर फूट, एक पॅनल साडेसात बाय पावणेचार म्हणजे २८ स्क्वेअर फूट, भागाकार केला की ४० च्या वर पॅनल येतात, आपण तर १८ च लावायलोत, निम्म्याहून जास्त गच्ची मोकळी राहते काका, वाळवणाला पण जागा राहील. १८ पॅनल गुणिले ५४० वॅट म्हणजे ९.७२ किलोवॉट, वर्षाचा ॲव्हरेज धरून रोजचे ४० युनिट. वडिलांनी त्याला सरळ विचारलं होतं की एका ओळीची सावली दुसरीवर पडणार नाही का, तर म्हणाला तेवढा गॅप आम्ही सोडतोच, कंपनीचं डिझाईन असतं. व्हॉट्सॲपवर एक चित्र पण पाठवलं, ओळी, ओळींच्या मधे पांढरे पट्टे, दिसायला एकदम व्यवस्थित, पण त्यावर एकही माप नव्हतं आणि उत्तर दिशेचा बाण सुद्धा नव्हता. रक्कम पाच लाखांच्या वर गेली.

फिटिंगच्या दिवशी मधला पट्टा अर्ध्या फुटाचा निघाला. जिन्याच्या खोलीच्या पूर्वेला २१ फुटाची पट्टी उरते, तिच्यात पुढच्या दोन ओळी पाच-पाच पॅनलच्या, मागं व्हेंट पाईप मधे येतो म्हणून दोन ओळी चार-चारच्या. चालायला वाट कुठंच नाही. आम्ही हटकलं तर म्हणे अजून वायरिंग व्हायचंय, नंतर ॲडजस्ट करू. केलं नाही. मेच्या मध्यात ॲपवर ४० च्या वर युनिट दाखवले आणि बघा म्हणून उरलेले पैसे घेऊन गेला.

खरी लबाडी इथंच आहे. मेच्या मध्यात परभणीत दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचे दिवस असतात ते. त्या दिवसात पॅनल एकमेकांना चिकटवून लावले तरी दुपारी सावली पडतच नाही. सोलरची टेस्ट मे महिन्यात घेऊन पैसे उचलणं म्हणजे गळकं छप्पर उन्हाळ्यात दाखवण्यासारखं आहे. मग पावसाळा आला, युनिट कमी झाले तर ढगांचं कारण होतंच. दिवाळीनंतर आभाळ मोकळं झालं, ऊन कडक, आणि युनिट उलट खाली खाली, डिसेंबरात दिवसाला २०-२२ वर आले. फोन केला तर, थंडीत होतंच भाऊ.

थंडीत थोडं होतं हे खरं आहे, पण निम्मं नाही होत. मी भर दुपारी वर जाऊन बघितलं तर दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या प्रत्येक पॅनलवर खालून फूटभर सावलीचा सरळ पट्टा, टेपनं आखल्यासारखा. सकाळी तो दीड फुटाच्या जवळ जातो. फूटभरच तर आहे असं वाटेल, पण पॅनलच्या आत सेल सिरीजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळं खालची एक रांग झाकली की जवळजवळ अर्धं पॅनल बसतं, आणि झाकलेले-उघडे पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागं एक जोडलेल्या साखळीत असले की नुकसान अजून वाढतं. ॲपवर ओळखायची खूण सांगतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशीचा ग्राफ टेकडीसारखा गुळगुळीत वर जाऊन खाली आला पाहिजे. आमचा सकाळी सपाट सरकायचा आणि दुपारी दोनच्या पुढं एकदम पायरी पडल्यासारखा कोसळायचा, ती पायरी म्हणजे जिन्याच्या खोलीची सावली.

आता गॅपचा हिशोब. तो सगळा २१-२२ डिसेंबरच्या उन्हावर धरायचा, कारण तेव्हा सूर्य सगळ्यात खाली दक्षिणेला असतो. त्या दिवशी साधारण साडेनऊ ते सव्वातीन एवढ्या वेळात सावली पडायला नको, असं धरतात. आपल्या मराठवाड्याच्या अक्षांशावर त्यासाठी जी वस्तू जितकी उंच, तिच्या सव्वापट जागा उत्तरेला सोडावी लागते, आणि पूर्व-पश्चिमेला सव्वापटीपेक्षा थोडी जास्त. उंची जमिनीपासून नाही, पॅनलच्या खालच्या कडेपासून मोजायची.

आमच्या गच्चीला हे लावून बघा. पॅनलची लांब बाजू दक्षिण-उत्तर ठेवून १५ अंश तिरकं केलं की ते आडव्या मापात ७.२ फूट जागा घेतं आणि त्याची मागची कड पुढच्यापेक्षा जवळपास २ फूट वर जाते. २ च्या सव्वापट, म्हणजे ओळींच्या मधे अडीच फूट. हीच आपली चालायची वाट पण होते, धुण्यासाठी बादली-पाईप घेऊन माणूस आरामात जातो, वेगळी जागा सोडायची गरज नाही. कठडा ३ फूट, पॅनलची खालची कड १ फुटावर, फरक २ फूट, म्हणून दक्षिणेच्या कठड्यापासून पण अडीच फूट, आणि पूर्व-पश्चिमेला ३ फूट. ३९ फुटात अडीच अधिक ७.२ असे टप्पे टाकत गेलं की तीन ओळी बसतात आणि उत्तरेला जवळपास १० फूट उरतात. चौथी ओळ कागदावर कशीबशी बसते, पण ती उत्तरेच्या कठड्याला टेकते, मागं जायला जागाच राहत नाही, म्हणून ती सोडायची.

मग जिन्याची खोली. ८ फुटातून पॅनलचा १ फूट वजा, राहिले ७, त्याची दुपारी तीनच्या पुढची सावली पूर्वेला साडेनऊ फूट जाते. २१ फुटाच्या पट्टीतून हे साडेनऊ आणि कठड्याचे ३ काढले की साडेआठ फूट उरतात, म्हणजे पहिल्या दोन ओळीत दोन-दोनच पॅनल. तिसरी ओळ उत्तरेला अजून फूटभर सरकवली की खोलीच्या मागं मोकळ्यावर येते, तिथं दोन्हीकडून तीन-तीन फूट सोडून सहा. दोन, दोन आणि सहा, झाले दहा! ५.४ किलोवॉट. टाकीची सावली खोलीपेक्षा लांब जाते पण ती अरुंद असते आणि सरकत राहते, तरी टाकी खोलीच्या दक्षिण टोकाला सरकवता आली तर सरकवा, आम्ही सरकवली.

पहिल्या दोन ओळीत खोलीच्या बाजूला एकेक पॅनल अजून घालता येतं, थंडीत दुपारी अडीचच्या आसपास ते सावलीत जाणार हे धरून, फक्त ते बाकीच्यांच्या स्ट्रिंगमध्ये जोडायचं नाही. म्हणजे फार ओढून-ताणून बारा. अठरा कुठून आणायचे? सगळं स्ट्रक्चर आठ-दहा फुटावर उचललं तर कठड्याची सावली संपते, खालून चालता येतं आणि जास्त पॅनल बसतात, पण लोखंडाचा खर्च वाढतो आणि वळवाच्या वादळात जोर जास्त बसतो, त्याचं फाउंडेशन कॉलमवर घ्यावं लागतं. आम्हाला विकलं ते एक फुटाचं स्ट्रक्चर.

वाट न सोडल्याचा त्रास वेगळाच. आपल्याकडची धूळ माहीतच आहे, उन्हाळ्यात आठवड्यात पॅनल मातकट होतात. वाट नाही म्हणून त्यांचाच पोरगा धुवायला पॅनलवर गुडघे टेकून चढला. वरून काच शाबूत दिसते पण आतल्या सेलला बारीक तडे जातात, ते डोळ्याला दिसत नाहीत आणि पुढं त्याच जागी पॅनल गरम होतं. त्यात बोअरचं क्षाराचं पाणी, मधल्या पॅनलपर्यंत वायपर पोचत नाही, पांढरे डाग तसेच वाळतात.

एवढे जास्त का विकले तर दर किलोवॉटवर असतो, दुसरं कारण नाही. सबसिडीचं आमिष पण खोटं होतं, 'पीएम सूर्य घर' मध्ये घरगुती ग्राहकाला ३ किलोवॉट आणि त्यापुढं कितीही घेतलं तरी जास्तीत जास्त ७८,००० रुपयेच मिळतात. ५.४ ला तेवढीच, ९.७२ ला तेवढीच.

जानेवारीत दुसऱ्या माणसाकडून सगळं खोलून वर सांगितल्याप्रमाणं बारा पॅनल लावून घेतले. अठरा पॅनल जिथं २०-२२ युनिट द्यायचे तिथं बारा पॅनल आता २५ च्या आसपास देतात. उरलेले सहा खाली खोलीत पडून आहेत आणि त्यांचे पैसे, खोलण्या-लावण्याचा खर्च आमच्या डोक्यावर. पहिला एजंट आता म्हणतो तुम्ही काम समाधानकारक म्हणून सही केली आहे. सही मे महिन्यातली!

१९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली आहे, त्यानं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. डिसेंबरातल्या सावलीचे वेळ-तारखेसकट फोटो, ॲपचे ग्राफ आणि ते बिनमापाचं चित्र सगळं जपून ठेवलंय. तुम्ही बोलणी करायलात तर ॲडव्हान्सच्या आधी मापाचा नकाशा मागा, त्यात उत्तर दिशा, दोन ओळींमधलं अंतर फुटात, कठडा-टाकीची उंची हे पाहिजेच, आणि खाली सहीनिशी एक ओळ लिहून घ्या: "२१ डिसेंबरला सकाळी साडेनऊ ते दुपारी सव्वातीन कोणत्याही पॅनलवर सावली पडणार नाही, पडल्यास पॅनल स्वखर्चाने हलवू किंवा परत घेऊ." शेवटचा हप्ता पण डिसेंबरपर्यंत राखून ठेवायचं बोला. आमच्या शेजाऱ्यांनी ही ओळ पुढं केली तर त्याच एजंटनं त्यांच्या गच्चीचे चौदाचे नऊ पॅनल करून नवीन कोटेशन दिलं.