रेषा कुठून ओढली, ते विचारलंच नाही

कॉलेज रोडवरच्या त्या शेअर मार्केट क्लासचं आणि सरांचं नाव लिहीत नाही. पण त्यांनी मला ज्या रेषेने फसवलं, ती रेषा आता बऱ्याच जणांना दाखवली जातेय, म्हणून सविस्तर लिहितोय.

सातपूरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षी पंधरा हजार भरून क्लास लावला. शिकवणं वाईट होतं असं म्हणणार नाही. व्हीवॅप म्हणजे नुसती भावाची सरासरी नव्हे, ज्या भावाला जास्त शेअर फिरले त्या भावाला जास्त वजन देणारी सरासरी, हे मला तिथेच कळलं. दिवसाचा उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची सरासरी काढायची, तिला त्या दिवशी फिरलेल्या शेअरच्या संख्येने गुणायचं, असं रोजचं मिळवत जायचं आणि शेवटी एकूण शेअरने भागायचं. ही मोजणी आपण निवडलेल्या दिवसापासून सुरू केली की झाला अँकर्ड व्हीवॅप. TradingView वर हे `Anchored VWAP` नावाचं टूल आहे, कँडलवर क्लिक केलं की रेषा आपोआप निघते.

क्लास संपल्यावर सरांनी आमच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. जूनमध्ये तिथे एका छोट्या कंपनीचा चार्ट आला. मार्चमध्ये शेअरने ८४ चा तळ केला होता आणि आता भाव होता १३८. तळापासून एक जाड निळी रेषा, ती १३१ वर. खाली सरांचा मेसेज: "तळापासून घेतलेले सगळे सरासरी सात रुपये फायद्यात आहेत. फायद्यातला माणूस घाबरून विकत नाही. १३८-१४० ला घ्या, टार्गेट १७५."

पटलं. १३९ ने ७०० शेअर घेतले, म्हणजे ९७,३०० रुपये.

आठ-दहा दिवसांत भाव १४८ पर्यंत गेला. मी खूश. तिथून जो माघारी फिरला तो थांबलाच नाही. १३१ ची रेषा तुटली त्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला, "होल्ड करा, पुन्हा वर येईल." मग सलग दोन दिवस लोअर सर्किट, विकायला लावले तरी घेणारा नाही. शेवटी ११२ ला सुटलो. शेअरमध्ये १८,९०० गेले, क्लासची फी वेगळी.

यात फसवणूक कुठे, शेअर तर पडतातच, असं मलाही वाटत होतं. ते ध्यानात आणून दिलं माझ्या साडूंनी. ते निफाडचे, कांदा करणारे, शेअर बाजाराशी संबंध शून्य. रविवारी जेवायला आले तेव्हा मोबाईलवर चार्ट दाखवून रडगाणं गात होतो. ते म्हणाले, "दादा, ही सरासरी कोणत्या दिवसापासून धरलीय?"

"मार्चपासून. तळापासून."

"मग असं बघा, मार्चमध्ये आठशेने घेतलेला कांदा आणि परवा अडीच हजाराने घेतलेला कांदा एकाच ढिगात ओतला, आणि ढिगाची सरासरी काढून परवावाल्याला सांगितलं की तू फायद्यात आहेस. तो ऐकेल का?"

मी ताट बाजूला सारून वही घेतली. एक्स्चेंजच्या साइटवरून रोजचे आकडे उतरवले. तळापासून मेअखेर आलेल्या कंपनीच्या आर्थिक निकालापर्यंत साधारण ४५ लाख शेअर फिरले होते, सरासरी १०४ ने. निकाल संध्याकाळी, बाजार बंद झाल्यावर आला होता, त्यामुळे त्यावर खरेदी झाली ती दुसऱ्या दिवशी सव्वानऊपासून. त्या एका दिवसात ४० लाख शेअर फिरले. भाव १५८ ला उघडला, १६६ ला गेला आणि १४९ च्या आसपास बंद झाला, सरासरी धरा १५४. पुढच्या पाच दिवसांत आणखी २५ लाख, १४३ च्या सरासरीने.

सगळं एका ढिगात ओतलं तर ११० लाख शेअर, सरासरी १३१. सरांची रेषा खोटी नव्हती! पण मोजणी निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू केली, तर ६५ लाख शेअर आणि सरासरी जवळजवळ १५० येते. म्हणजे मी घेतलं त्या दिवशी, तळापासून फिरलेल्या एकूण शेअरपैकी निम्म्याहून जास्त शेअर सरासरी बारा रुपये तोट्यात होते. मार्चवाले चौतीस रुपये फायद्यात, निकालानंतरचे बारा रुपये तोट्यात, आणि १३१ ही किंमत दोघांपैकी कुणाचीच नाही.

मग १४८ चंही कोडं सुटलं. मधल्या दिवसांतली खरेदी धरून निकालाची रेषा तोवर १४८ वर उतरली होती. दोन-तीन आठवडे अडकलेल्या माणसाला आपला भाव परत दिसला की तो "चला, निदान मुद्दल सुटलं" म्हणून विकतो. भाव बरोब्बर तिथेच फिरला. मी त्या वेळी १७५ ची वाट बघत होतो.

आणखी एक गोष्ट. तळापासूनची रेषा सुरूच होते सगळ्यात खालच्या भावाजवळून, आणि तळ कुठला हे भाव वर गेल्यावरच ठरतं. त्यामुळे सुरुवातीचे कित्येक आठवडे भाव तिच्या वरच दिसणार, त्यात शेअरचं काही कर्तृत्व नाही. नवीन खरेदीदार कुठे आहेत हे बघायचं तर अलीकडच्या सर्वांत मोठ्या व्हॉल्यूमच्या दिवसापासून मोजावं लागतं, आणि तो दिवस बहुतेक वेळा निकालाचाच असतो.

अर्थात निकालाची रेषाही देववाणी नाही. त्या ४० लाखांत डिलिव्हरी फक्त १४ टक्के होती. बाकीच्यांनी सकाळी घेऊन दुपारी विकले, ते आता कुठे अडकलेत? रेषेला मात्र ते कळत नाही, ती प्रत्येक सौदा मोजते. म्हणून मी निव्वळ डिलिव्हरीचे आकडे धरून पुन्हा हिशेब केला. निकालानंतरची सरासरी १४६ च्या वर आली. रेषा थोडी खाली सरकली, पण १३८ ला घेणं चुकीचं, हे उत्तर तेच राहिलं.

एवढ्यावर मी याला सरांची चूक म्हणून सोडलं असतं. पण आधीच्या बॅचचा एक मुलगा अंबडला कंपनीत आहे, मोटार घेऊन दुकानात येतो. त्याच्या ग्रुपवर याच शेअरचा चार्ट आला होता, निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, "१६० च्या वर विकून मोकळे व्हा" या मेसेजसह. मग आठवड्याने त्यांना दुसरा चार्ट आला, त्यात दोन रेषा होत्या, निळी तळापासून आणि लाल निकालापासून. मेसेज होता, "लाल रेषेच्या वर टिकेपर्यंत हात लावू नका." तारीख बघितली. आम्हाला "घ्या" सांगितलं तोच दिवस, तोच चार्ट, फक्त आमच्याकडे लाल रेषा पुसलेली.

सरांच्या पॅम्प्लेटवर रिसर्च ॲनालिस्टचा INH ने सुरू होणारा नंबर होता. सेबीच्या साइटवर टाकला तर तो दुसऱ्याच राज्यातल्या दुसऱ्याच माणसाच्या नावावर निघाला. हे तपासायला मला दोन मिनिटं लागली, फी भरल्यानंतर दहा महिन्यांनी.

ग्रुपवर लाल रेषेबद्दल विचारलं, तर पाच मिनिटांत मला काढून टाकलं. सायबर पोलिसांत अर्ज दिलाय, दोन्ही चार्टच्या स्क्रीनशॉटसह. तिथे फीची पावती मागितली तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट वाचली. त्यावर लिहिलंय, "वह्या व छापील साहित्य, रु. १५,०००".