किटलीतला पांढरा थर: व्हिनेगर की सायट्रिक ॲसिड?

हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि दोन्ही आम्लांत विरघळतो. किटलीसाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन गरम करा, अर्धा तास ठेवा. काम होते, पण उग्र वास दोन-तीनदा पाणी उकळून टाकल्यावरच जातो.

सायट्रिक ॲसिडला वास नाही, म्हणून आमची पसंती त्यालाच. एक लिटर कोमट पाण्यात 25 ग्रॅम पुरते. मात्र ते उकळू नका. तापलेल्या द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा न विरघळणारा साका बसू शकतो. बुडबुडे थांबले आणि थर उरला, तर ताजे द्रावण घ्या.

कॉफी मशीनमध्ये व्हिनेगर टाळाच: वास नळ्यांत मुरतो, रबरी सीलही खराब होऊ शकतात. आधी माहितीपुस्तिका पाहा. बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर सायट्रिकही नको. ब्लीच तर यांत कधीच मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.