लिफ्टच्या दारावरची एक ओळ: ‘करणे’, ‘करावे’ की ‘करा’?

जळगावातल्या आमच्या इमारतीत जुनी, जाळीच्या दाराची लिफ्ट आहे. आतली जाळी आणि बाहेरची जाळी अशी दोन दारे. दोन्ही पूर्ण ओढून ‘खट्’ असा आवाज आल्याशिवाय ती जागची हलत नाही. वरच्या मजल्यावर कुणी जाळी चार बोटे उघडी सोडली, की खाली उभा माणूस बटण दाबत राहतो. मे महिन्यात भर दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी घेऊन जिना चढल्या, आणि सेक्रेटरींनी फळ्यावरची सूचना नव्याने लिहायची ठरवली. जुनी ओळ अशी होती:

‘सर्व सभासदांना सूचित करण्यात येते की, लिफ्टचा दरवाजा नेहमी बंद ठेवावे.’

माझ्यापुढे तीन पर्याय आले. तुमच्याकडेही हाच प्रश्न असेल तर ते शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिला: ‘लिफ्टचा दरवाजा बंद करणे.’ सरकारी कचेरीत ही सवय फार. ओळ आटोपशीर होते, पण ती कुणाशीच बोलत नाही. ‘दूध आणणे, बिल भरणे’ अशी कामांची यादी आपण स्वतःसाठी करतो, तसे ते वाटते. आधी ‘कृपया’ लावले तरी जोड बसत नाही, कारण विनंती करायला समोर माणूस लागतो आणि ‘करणे’मध्ये तो नाही. हा पर्याय मी सोडला.

दुसरा: ‘दरवाजा बंद करावा.’ हे रूप सभ्य आहे, लेखी मराठीत रुळलेले आहे, आणि वडीलधाऱ्यांना ते आदराचे वाटते. पण लिहिणाऱ्याची इथेच गफलत होते. ‘करावे’ हे रूप ज्या वस्तूबद्दल बोलतो तिच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते: दरवाजा बंद करावा, दार बंद करावे, जाळी बंद करावी, दारे बंद करावीत. आमच्या फळ्यावर ‘दरवाजा… ठेवावे’ झाले ते त्यामुळेच. कुणीतरी आधी ‘दार’ लिहिले असणार, मग ‘दरवाजा’ केले आणि क्रियापद तसेच राहिले. तपासायचे असेल तर ती ओळ मोठ्याने वाचा, चूक कानाला लगेच खटकते. शिवाय ‘करावे’मध्ये ‘केलेले बरे’ अशी सल्ल्याची छटा आहे. मुलांना ती कळतेच असे नाही, आणि आमच्याकडे जाळी उघडी टाकून पळणारी बहुतेक मुलेच.

तिसरा: ‘दरवाजा बंद करा.’ थेट समोरच्याशी बोलणे. हे उद्धट वाटेल अशी सेक्रेटरींना धास्ती होती. पण ‘कर’ आणि ‘करा’ यांत फरक आहे. ‘करा’ हे तुम्ही-आपण म्हणण्याचे रूप आहे, आदर त्यातच आहे. आधी एक ‘कृपया’ पुरते. ‘कृपया’ही आणि शेवटी ‘ही नम्र विनंती’ही लिहिले, तर तीच गोष्ट दोनदा होते आणि ओळ लांबते. वरचा फायदा असा, की दार, दरवाजा, जाळी, दारे काहीही लिहा, ‘करा’ तसेच राहते. हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्या बिऱ्हाडांनाही ‘बंद करा’ चटकन कळते. म्हणून घरात आपण ‘दार लावा’ म्हणतो, तरी फळ्यावर मी ‘बंद करा’च घेतले.

आणखी एक निवड आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: ‘ठेवा’ की ‘करा’. ‘नेहमी बंद ठेवा’ ही स्थिती झाली. गच्चीच्या किंवा पंपाच्या खोलीच्या दारावर ती शोभते, कारण ते दार एरवी बंदच असते. लिफ्टचे दार दिवसभर उघडते-मिटते. तिथे ‘ठेवा’ वाचून प्रत्येकाला वाटते, हे दुसऱ्या कुणाचे तरी काम. ‘बाहेर आल्यावर बंद करा’ म्हटले, की काम कुणाचे आणि केव्हाचे ते ठरते.

जुन्या सूचनेखाली ‘अन्यथा दंड आकारण्यात येईल’ असेही होते. आमच्या सोसायटीने तसा ठराव कधी केलाच नव्हता, म्हणून ते काढायला लावले. त्या जागी कारण घातले, कारण जाळी अर्धवट राहिली तर लिफ्ट अडते हे नव्या भाडेकरूंना ठाऊकच नव्हते. नवा मसुदा असा झाला:

‘कृपया लिफ्टमधून बाहेर आल्यावर दोन्ही जाळ्या पूर्ण ओढून बंद करा. एक जरी उघडी राहिली, तरी लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर येत नाही.’

लावायच्या आधी दुसरे वाक्य आजींना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “दुसऱ्या मजल्यावर म्हणजे फक्त दोन नंबरच्या मजल्यावर का?” बरोबरच होते त्यांचे. ते ‘लिफ्ट जागची हलत नाही’ असे बदलले, आणि मग कागद चिकटवला.